ओल्या मातीत तहानलेलं झाड: पाणी जास्त झालं की कमी, हे ओळखून झाड सावरायचं कसं

माझ्या पीस लिलीनं एका सकाळी सगळी पानं कुंडीच्या कडेवर टाकली होती. माती वरून सुकी दिसली म्हणून मी पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत काही फरक पडला नाही, म्हणून आणखी घातलं. पाच दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी खालची तीन पानं पिवळी होऊन नुसत्या स्पर्शानं हातात आली, तेव्हा मी पहिल्यांदा कुंडी उचलली. ती दगडासारखी जड होती. बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोक नव्हतं आणि तिच्या तळाशी दोन बोटं पाणी साचलं होतं.

झाड खरोखर तहानलेलंच होतं, पण पाण्याच्या कमतरतेनं नाही. मुळं जिवंत राहायला त्यांना हवा लागते आणि ती मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळते. त्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. पानांतून मात्र पाण्याची वाफ जातच असते. म्हणजे पाण्यात उभं असलेलं झाडही कोरड्या मातीतल्या झाडासारखीच मान टाकतं. नवखा माणूस फसतो तो नेमका इथे, आणि उपाय म्हणून जे करतो त्यानंच झाड जातं.

शेतकऱ्यांचा एक शब्द कुंडीलाही तंतोतंत लागू पडतो: वाफसा. पाणी मुरून, निथळून गेल्यावर माती ओलसर तर आहे, पण तिच्यात हवाही खेळते आहे, अशी स्थिती. पुढच्या सगळ्या पायऱ्या कुंडीतली माती पुन्हा वाफशावर आणण्यासाठीच आहेत.

हाताशी काय ठेवायचं

- एक लांब लाकडी काडी, कुंडीच्या तळापर्यंत पोचेल अशी
- स्वयंपाकघरातला वजनकाटा (नसला तरी चालतं, असला तर फार उपयोगी)
- धारदार कात्री आणि ती पुसायला स्पिरिट
- बादली किंवा टब
- जुनी वर्तमानपत्रं
- ताजी माती, कोकोपीट आणि परलाइट
- तळाला भोकं असलेली एक लहान कुंडी

शेवटच्या दोन गोष्टी मुळं कुजली असतील तरच लागतील. आधी निदान करा, मग त्या आणा.

## १. झाड सकाळी बघा

भर दुपारी, ऊन किंवा गरम वारा लागत असताना, पूर्ण निरोगी झाडही मलूल होतं. पानांतून पाणी जाण्याचा वेग मुळांच्या वेगापेक्षा थोडा वेळ जास्त होतो, एवढंच. संध्याकाळी ते आपोआप उभं राहतं. म्हणून दुपारी बघून निर्णय घेऊ नका. रात्रभराच्या विश्रांतीनंतर सकाळीही पानं लोंबकळलेली असतील, तर काहीतरी बिघडलंय असं धरा. तोपर्यंत पाणी, खत, जागा, काहीही बदलू नका.

## २. वरची माती सोडून आतली माती तपासा

वरचा एक सेंटीमीटर थर हवेनं झटपट सुकतो. खाली चिखल असला तरी तो फिकट आणि कोरडा दिसतो. माझ्या लिलीच्या बाबतीत याच थरानं मला चकवलं.

लाकडी काडी कुंडीच्या कडेजवळून, मुळं न दुखावता, हळूहळू तळापर्यंत खुपसा. दहा मिनिटं तशीच ठेवून बाहेर काढा आणि तिच्या टोकाकडे बघा. काडी गडद, ओली आणि मातीनं माखलेली असेल तर खाली पाणी आहे. स्वच्छ आणि कोरडी आली तर खालपर्यंत कोरडं आहे. काडीचा वासही घ्या. वाफशावरच्या मातीला पहिल्या पावसासारखा वास असतो. आंबूस किंवा गटारासारखा वास आला तर आत कुजणं सुरू झालंय.

त्यानंतर कुंडी उचला. वजनाइतकी खरी खूण दुसरी नाही. जड कुंडी आणि मलूल झाड म्हणजे पाणी जास्त. हलकी कुंडी आणि मलूल झाड म्हणजे पाणी कमी. सुरुवातीला हाताला अंदाज नसतो, म्हणून काटा वापरा. झाड ठणठणीत असताना, पाणी घालून पूर्ण निथळल्यावरचं वजन कुंडीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. पुढे दोन-तीनदा मोजलंत की हातालाच कळायला लागतं.

बाजारात मातीत खुपसायचे ओलावामापक मिळतात. त्यातले स्वस्त मापक मातीतून वीज किती वाहते ते मोजतात. त्यामुळे खताचे क्षार साचले असतील तर कोरडी माती ओली दाखवतात आणि भुसभुशीत मिश्रणात ओली माती कोरडी दाखवतात. मी माझा वापरणं सोडून दिलं. काडी बरी.

## ३. आता पानांकडे या

पानं दुसऱ्या क्रमांकावर ठेवली, कारण एकट्या रंगावरून निदान होत नाही. पाणी जास्त झालं तरी खालची पानं पिवळी पडतात आणि कमी झालं तरी खालचीच पडतात. फरक स्पर्शात आहे. पान दोन बोटांत धरून बघा.

जास्त पाण्याचं पिवळं पान मऊ आणि लिबलिबीत लागतं. त्यावर कधी तपकिरी, ओलसर डाग असतात. देठ बुंध्याशी नरम होतो. खोड मातीला टेकतं तिथे काळसर पडलं असेल तर रोग बराच पुढे गेलाय. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर तीही बऱ्याच काळाच्या ओलीची खूण.

तहानलेल्या झाडाचं पान पातळ आणि कागदासारखं लागतं. कडा करपून कुरकुरीत होतात, पान आतल्या बाजूला वळतं. अशी माती आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि मधे फट दिसते.

जाड पानांच्या झाडांत खुणा जरा वेगळ्या. मांसल झाडांची पानं तहानेनं सुरकुततात. पाणी जास्त झालं तर काचेसारखी अर्धपारदर्शक होतात आणि धक्का लागला तरी गळतात. स्नेक प्लांट तर आठवडेच्या आठवडे काहीच दाखवत नाही. एके दिवशी उभं पान बुंध्यातून आडवं पडतं, आणि तेव्हा आतला गाभा आधीच सडलेला असतो. म्हणून त्याचा बुंधा अधूनमधून दाबून बघावा, कडक लागला पाहिजे.

## ४. शंका राहिलीच तर मुळं बघा

झाड कुंडीतून काढायची भीती वाटते, मलाही वाटायची. पण निरोगी झाडाला एकदा अलगद काढून परत ठेवल्यानं काही होत नाही. कुंडी आडवी धरा, बुंधा बोटांच्या बेचक्यात घ्या, बाहेरून थोपटा आणि मातीचा गोळा सरकू द्या. खोड धरून ओढू नका.

चांगलं मूळ पांढरं किंवा मळकट पांढरं आणि टणक असतं. काही झाडांची मुळं मुळातच तपकिरी किंवा पिवळसर असतात, त्यामुळे इथेही रंगापेक्षा टणकपणा बघा. मूळ चिमटीत धरून हलकं ओढा. कुजलेल्या मुळाचं वरचं साल मोज्यासारखं सुटून बोटात येतं आणि आत केसासारखा एक दोरा तेवढा उरतो. हे एकदा पाहिलंत की पुन्हा कधी चुकणार नाही. कोरड्या झाडाची मुळं बारीक आणि ठिसूळ झालेली असतात, पण त्यांचं साल सुटत नाही आणि त्यांना वास नसतो.

## ५. तहानलेलं झाड सावरणं

हे सोपं आहे, एका सापळ्याशिवाय. तो सापळा म्हणजे पाणी न पिणारी माती.

बारा दिवस घराबाहेर राहून आलो तेव्हा माझा मनीप्लांट पार वाळायला आला होता. मिश्रणात कोकोपीट जास्त होतं. कुंडीचं वजन ६२० ग्रॅम भरलं. वरून भरपूर पाणी घातलं, ते खालच्या भोकांतून धो धो बाहेर आलं. मला वाटलं, छान भिजलं. पुन्हा वजन केलं तर ६६० ग्रॅम. म्हणजे जेमतेम ४० ग्रॅम पाणी आत राहिलं होतं. अतिशय सुकलेलं सेंद्रिय मिश्रण पाणी झटकून टाकतं आणि पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली निघून जातं. मुळांचा गोळा मधे कोरडाच राहतो. वजन केलं नसतं तर मी निश्चिंत झालो असतो.

अशा वेळी पाणी खालून द्या. टबात साधं, फार गार नसलेलं पाणी घ्या, ते कुंडीच्या साधारण निम्म्या उंचीपर्यंत येऊ द्या, आणि त्यात कुंडी ठेवा. त्याआधी काडीनं मातीत पाच-सहा ठिकाणी भोकं पाडा. अर्ध्या ते पाऊण तासात पाणी चढत वर येतं आणि वरची माती बोटाला ओली लागते. तसं झालं की कुंडी बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. माझ्या कुंडीचं वजन पाऊण तासानं १,३१० ग्रॅम झालं. टबात रात्रभर विसरू नका, नाहीतर एका दुखण्यातून दुसऱ्यात जाल.

पीस लिलीसारखी पातळ पानांची झाडं काही तासांत उभी राहतात. मनीप्लांटला दीड दिवस लागला. करपलेल्या कडा मात्र पुन्हा हिरव्या होत नाहीत. पूर्ण वाळलेली पानं कापा. अर्धवट हिरवी राहू द्या, ती अजून अन्न तयार करत असतात. झाड दोन-चार दिवस थेट उन्हापासून दूर ठेवा आणि खत अजिबात देऊ नका. सुकलेल्या मुळांभोवती खताचे क्षार वाढले की मुळांना पाणी घेणं उलट जड जातं. पानांवर पाणी फवारल्यानं झाड ताजं दिसतं, पण तहान भागत नाही.

## ६. पाण्यानं गुदमरलेलं झाड सावरणं

आधी ठरवा, मुळं कुजली आहेत की नुसती भिजली आहेत. वास नाही, बुंधा कडक आहे आणि एखाददुसरंच पान पिवळं आहे, तर झाड कुंडीतून काढून छाटायची गरज नाही. जास्तीचं पाणी काढलं तरी भागतं.

त्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती का चालते हे समजून घेण्यासारखं आहे. एक स्पंज भिजवून आडवा धरा. थोडं टिपकून तो थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, आणखी पाणी गळेल. स्पंजाच्या तळाशी ठरावीक उंचीचा एक थर कायम चिंब राहतो. स्पंज उभा केला की तळ लहान होतो, म्हणून त्या थरात पाणीही कमी मावतं. कुंडीतल्या मातीचं हेच होतं. कुंडी तिरकी करून एका विटेला टेकवून ठेवा, भोक सर्वांत खाली येईल अशी. सपाट ठेवल्यावर न निघालेलं पाणी थेंब थेंब बाहेर येतं. मग वर्तमानपत्राच्या जाड घडीवर कुंडी ठेवा आणि कागद भिजला की बदला. जागा उजेडाची आणि वारा खेळता हवी, पण कडक ऊन नको. काडी कोरडी येईपर्यंत पाणी बंद.

तळाशी खडे घातले तर निचरा चांगला होतो, हा समज खोटा आहे, आणि त्याचं कारणही हाच स्पंज. बारीक मातीतलं पाणी खाली मोठ्या खड्यांच्या पोकळीत उतरत नाही, माती पूर्ण चिंब झाली तरच उतरतं. मग तो चिंब थर खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ बसतो. खड्यांनी कुंडीतली माती तेवढी कमी होते.

वास येत असेल, मुळांची सालं सुटत असतील, तर शस्त्रक्रियाच करावी लागते. माझ्या लिलीची मी केली ती अशी.

झाड काढून मुळं वाहत्या पाण्याखाली धुतली, सगळी जुनी माती गेली. कात्री स्पिरिटनं पुसली. मऊ आणि काळी मुळं टणक भाग लागेपर्यंत मागे कापली, आणि मधेमधे कात्री पुन्हा पुसली, कारण कुजवणारी बुरशी पात्यावरून निरोगी मुळावर जाते. शेवटी जेमतेम निम्मी मुळं उरली.

आता मुळं निम्मी आणि पानं तेवढीच, हे गणित जमत नाही. उरलेल्या १० पानांतली ५ जुनी पानं बुंध्यातून कापली. हात धजावत नव्हता, पण एवढ्या पानांना पाणी पुरवणं त्या मुळांच्या आवाक्यातलं नव्हतं.

मिश्रण केलं दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग परलाइट. आधीच ओलसर करून मुठीत दाबून पाहिलं. गोळा झाला, बोटांतून पाणी टिपकलं नाही, आणि अंगठ्यानं ढकलल्यावर फुटला. हाच तो वाफसा. जुनी माती पुन्हा वापरू नका, बुरशी तिच्यात राहिलेली असते. जुनीच कुंडी वापरायची असेल तर साबणानं घासून वाळवा.

कुंडी मात्र लहान घ्या. माझं झाड १५ सेंटीमीटरच्या कुंडीत होतं, ते १२ सेंटीमीटरच्या कुंडीत लावलं. मोकळं वाढू दे म्हणून मोठी कुंडी देणं ही या टप्प्यावरची सर्वांत महागात पडणारी चूक. ज्या मातीत मुळं पोचलेली नाहीत तिच्यातलं पाणी कोणी पीत नाही, ती ओलीच राहते आणि कुजणं परत सुरू होतं.

लावल्यावर वरून पाणी घातलं नाही. मिश्रणाची ओल पुरेशी होती. झाडावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल अडकवली, म्हणजे पानांभोवती दमट हवा राहून पाणी कमी उडतं. रोज सकाळी ती दहा मिनिटं काढायचो. पाचव्या दिवशी काडी वरचे तीन सेंटीमीटर कोरडी आली, तेव्हा पहिलं पाणी दिलं, तेही भोकातून पहिला थेंब येईपर्यंतच.

नऊ दिवस झाड तसंच पडलेलं होतं. या दिवसांत पुन्हा पाणी घालायचा फार मोह होतो. घालू नका. अकराव्या सकाळी दोन पानांचे देठ ताठ झालेले दिसले. पिशवी लगेच पूर्ण काढली नाही, चार दिवसांत थोडी थोडी उघडत नेली. सव्विसाव्या दिवशी मधून फिकट हिरवी सुरळी वर आली.

## ७. मुळंच उरली नसतील तर

बुंधा मऊ झाला असेल तर ते झाड तसंच्या तसं वाचत नाही, पण त्याचा अंश वाचतो. मनीप्लांटसारख्या वेलीचा वरचा टणक भाग कापा. तुकड्यावर निदान एक पेर हवं, कारण मूळ पेरातूनच फुटतं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर हिरवं राहतं, क्वचित मुळंही धरतं, पण वेल होत नाही. कापलेल्या जागी आत तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर आणखी वर कापा, स्वच्छ हिरवा गाभा लागेपर्यंत. पेर पाण्यात बुडेल, पान बाहेर राहील असं ठेवा आणि पाणी तीन-चार दिवसांनी बदला. मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली की मातीत लावा.

स्नेक प्लांटचं पान सडक्या भागाच्या वर कापून चार-पाच दिवस सावलीत सुकवा, काप वाळून कडक झाला की अगदी कमी ओलीच्या मिश्रणात उभं खोचा. दिशा चुकवू नका. पानाची बुंध्याकडची बाजूच खाली हवी, उलट लावलं तर मूळ धरत नाही. याला महिने लागतात. आणि पिवळ्या कडांच्या जातीचं पान लावलंत तर नवीन रोप साधं हिरवं येतं, पिवळी कड येत नाही. ती हवी असेल तर कडक राहिलेला कंद थोड्या मुळांसकट वाचवावा लागतो.

## ८. पुढचे काही आठवडे

वार ठरवून पाणी देणं सोडा. तीच कुंडी उन्हाळी दिवसांत चार दिवसांत सुकते आणि ढगाळ, थंड दिवसांत पंधरा दिवस ओली राहते. दर वेळी काडी किंवा वजन, दोन्हींपैकी एक बघा. पाणी द्याल तेव्हा भोकातून वाहेपर्यंत पूर्ण द्या आणि अर्ध्या तासानं बशीतलं पाणी ओतून टाका. रोज घोटभर पाणी देण्यात दोन्ही तोटे आहेत, वरची माती कधी सुकत नाही आणि खालची मुळं कोरडी राहतात.

शोभेची बिनभोकाची कुंडी टाकून द्यायची गरज नाही. झाड आतल्या भोकांच्या कुंडीत ठेवा, पाणी देताना ती बाहेर काढा, निथळल्यावरच परत ठेवा. मी आता तळाशी एक उलटी बशी ठेवतो, म्हणजे चुकून पाणी राहिलं तरी मुळं त्याच्या वर राहतात.

छाटलेल्या झाडाला खत पहिलं नवं पान पूर्ण उघडल्यावरच, आणि पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं. लिलीची ती सुरळी उलगडायला आणखी आठ दिवस गेले. पान आधीच्यापेक्षा लहान होतं, पण तळव्यावर धरलं तर टणक लागत होतं. कुंडी उचलली तर हलकी होती, मग पाणी दिलं.